केचप, n < 1 आणि थिक्सोट्रॉपी

‘केचप ढवळला की पातळ होतो. मग n < 1 आला की थिक्सोट्रॉपिक लिहायचं ना?’

नाही. परीक्षेत हमखास गुण घालवणारा हा समज आहे. व्हिस्कॉसिटी = K × कातरदर^(n−1) या पॉवर-लॉ सूत्रातला n फक्त कातरदराबद्दल, म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात याबद्दल बोलतो, वेळेबद्दल नाही. समजा K = 18 Pa·sⁿ आणि n = 0.3. कातरदर 1 s⁻¹ असताना व्हिस्कॉसिटी 18 Pa·s येते, 100 s⁻¹ ला 18 × 100^(−0.7), म्हणजे जेमतेम 0.72 Pa·s. हे झालं शिअर थिनिंग.

थिक्सोट्रॉपीसाठी कातरदर 50 s⁻¹ वर स्थिर ठेवा. तरीही व्हिस्कॉसिटी वेळेनुसार उतरत गेली आणि ढवळणं थांबवल्यावर हळूहळू पूर्ववत झाली, तरच ती थिक्सोट्रॉपी. केचपमध्ये दोन्ही गुण दिसतात, घोळ तिथेच होतो. दही घुसळल्यावर मात्र पुरतं सावरत नाही. त्याची बरीचशी रचना कायमची मोडलेली असते.