ॲल्युमिनियम इंजिन केसिंगमधील बोल्ट टॉर्क रेंचने आवळणे

मोटारसायकलच्या क्लच कव्हरचे बोल्ट बहुधा एम ६ मापाचे, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाचे असतात. पोलादी बोल्टचे आटे कठीण आणि ॲल्युमिनियम केसिंगमधले आटे मऊ असल्याने जोर जास्त झाला की आधी केसिंगचे आटे जातात. या बोल्टसाठी बहुतेक मॅन्युअलमध्ये १० ते १२ न्यूटन-मीटर टॉर्क दिलेला असतो. आकडा त्याच गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा आणि एकक नीट पाहावे, कारण १२ फूट-पाउंड म्हणजे १६ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त.

टॉर्क हे बोल्टमधील ताण ओळखण्याचे अप्रत्यक्ष साधन आहे. लावलेल्या जोराचा मोठा भाग डोक्याखालच्या आणि आट्यांच्या घर्षणातच खर्च होतो. कोरड्या एम ६ बोल्टला १० न्यूटन-मीटर दिल्यास साधारण ८,३०० न्यूटन ताण येतो. आट्यांना तेल लागले असेल तर तेवढ्याच टॉर्कला तो ११,००० न्यूटनच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून मॅन्युअलने सांगितले नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवावेत. तळ बंद असलेल्या भोकात साठलेले तेल आणखी घातक, कारण बोल्ट आत जाताना ते दाबले जाऊन केसिंगला तडा जाऊ शकतो. आवळण्याआधी भोक हवेने साफ करावे.

आटे जाण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे बोल्टांची अदलाबदल. एकाच कव्हरला वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. लांब बोल्टच्या जागी आखूड गेला तर जेमतेम दोन-तीन आटे पकडतात आणि उखडतात. ॲल्युमिनियममध्ये पकड व्यासाच्या दीड ते दोनपट, म्हणजे इथे ९ ते १२ मिलिमीटर हवी. उलट आखूड जागी लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो. ठरवलेला टॉर्क झाल्याची खूण म्हणून रेंच ‘टक’ वाजतो, पण कव्हर सैलच राहते. सगळे बोल्ट नुसते भोकात ठेवून पाहावे: प्रत्येकाचे डोके कव्हरबाहेर सारखेच उरले पाहिजे.

इंजिन थंड असावे. बोल्ट बोटांनी आधी उलटा फिरवून आटा बसल्याची खूण लागली की सुलटा फिरवावा. तो हाताने सहज आत गेला नाही तर पाना लावू नये. मग समोरासमोरचे बोल्ट आलटूनपालटून दोन टप्प्यांत, आधी ६ आणि नंतर १० न्यूटन-मीटरला आवळावेत. यासाठी ५ ते २५ न्यूटन-मीटरचा लहान रेंच हवा. चाकांच्या नटांचा मोठा रेंच इतक्या कमी टॉर्कला भरवशाचा नसतो, त्याचा ‘टक’ जाणवतही नाही. मूठ मध्यावर धरून सावकाश ओढावे, आणि एकदा ‘टक’ झाल्यावर पुन्हा ओढू नये.

बोल्ट फिरत असूनही जोर वाढत नसेल तर तिथेच थांबावे. काढलेल्या बोल्टच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली दिसली, तर भोकाचे आटे गेले आहेत. जाड बोल्ट ठोकण्याऐवजी भोक खास टॅपने नव्याने कापून त्यात पोलादी तारेचे कॉइल इन्सर्ट बसवावे. ते पृष्ठभागापेक्षा पाव ते अर्धा फेरा खाली राहिले पाहिजे.