समग्र कुंडलीविवेचन

फलज्योतिषात सुट्या ग्रहफलांची जुळणी करून संपूर्ण पत्रिकेचे एकच सुसंगत वर्णन करण्याच्या रीतीला समग्र विवेचन म्हणता येईल. नवशिका बहुधा बारा स्थानांची फले ओळीने लिहून काढतो आणि ‘जातक उधळ्या’ व ‘जातक काटकसरी’ ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर येतात. म्हणून आरंभ लग्नेशापासून, म्हणजे लग्नराशीच्या स्वामीपासून करावा.

त्याआधी लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिचक्राचा बिंदू, पक्के हवे. लग्न साधारण 4 मिनिटांत 1 अंश सरकते. पुण्यात आणखी एक पेच आहे: टिळक पंचांगाचे अयनांश, म्हणजे वसंतसंपात व राशिचक्राचा आरंभ यांतील अंतर, प्रचलित चित्रापक्षीय अयनांशांहून सुमारे 4 अंशांनी कमी असल्याने, एका गणिताने कन्येच्या 28 अंशांवर असलेले लग्न दुसऱ्याने तुळेत जाते आणि लग्नेश बुधाऐवजी शुक्र होतो. दोन गणितांची सरमिसळ केल्यास पुढचे सारे विवेचन फसते.

उदाहरणादाखल कन्या लग्नाची एक कल्पित पत्रिका घेऊ. लग्नेश बुध लाभात म्हणजे अकराव्या स्थानी, कर्केत, रवीपासून 6 अंशांवर आहे. चंद्र चतुर्थात धनूत आणि गुरू सप्तमात मीनेत आहे. बुध शत्रुराशीत असून रवीच्या फार जवळ असल्याने अस्तंगत आहे, शिवाय रवी येथे व्ययेश म्हणजे बाराव्या स्थानाचा स्वामी आहे. म्हणजे मित्रमंडळ व लाभ हे जातकाचे क्षेत्र ठरते, पण स्वतःचा निर्णय तेथे झाकोळतो.

दुसरी पायरी प्रबळ ग्रह शोधण्याची. त्यासाठी लग्नेशाच्या राशिस्वामीचा माग काढावा. बुध चंद्राच्या राशीत, चंद्र गुरूच्या राशीत आणि गुरू स्वराशीत, म्हणून साखळी गुरूपाशी थांबते. हाच गुरू केंद्रात असून सातव्या दृष्टीने लग्नाला व पाचव्या दृष्टीने बुधाला पाहतो. इतके पुरावे एका ग्रहाकडे वळले की तो प्रबळ मानण्यास हरकत नाही. नुसता उच्चीचा ग्रह, ज्याचा लग्नाशी वा लग्नेशाशी संबंध नाही, तेवढ्याने प्रबळ ठरत नाही.

आता दोन्ही निष्कर्ष एका वाक्यात बांधावेत: हा जातक स्वतःच्या बुद्धीवर एकट्याने पुढे न जाता जोडीदार किंवा भागीदार यांच्या सल्ल्याने स्थिरावतो. चतुर्थातील चंद्र गुरूच्याच राशीत असल्याने घराची ओढ या सूत्रात सहज बसते. उरलेल्या ग्रहांचे फल या वाक्याला पुरवणी म्हणून जोडावे. मात्र गुरू हा शुभ ग्रह कन्या लग्नास चतुर्थ व सप्तम या केंद्रस्थानांचा स्वामी होत असल्याने त्याला केंद्राधिपत्याचा दोष सांगितला जातो, त्यामुळे सल्ला मिळेल म्हणजे तो हिताचाच असेल, असे लिहू नये.

रीत सुसंगत असली तरी तिच्यातून निघणारे भाकीत खरे ठरतेच असे नाही. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन त्या हुशार मुलांच्या की मतिमंद मुलांच्या, हे ओळखण्यास सांगितले होते. बरोबर उत्तरांची सरासरी 46 टक्के आली, म्हणजे नाणेफेकीहून सरस नाही.