पायाच्या चरातील पाण्याचा उपसा (बेळगाव सीमाभाग)

घराच्या पायासाठी चर खोदताना जमिनीतले पाणी आत झिरपू लागले, तर ते वळवून एका जागी आणणे, तिथून बाहेर काढणे आणि तळ कोरडा ठेवून पायाचे काँक्रीट करून घेणे, या साऱ्या कामाला पाण्याचा उपसा म्हणतात. भारतीय मानक आयएस ९७५९ (१९८१) यात बांधकामातील उपशाबद्दल मार्गदर्शन आहे. मात्र एक-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर काम बहुधा एका खड्ड्यावर आणि एका पंपावरच भागते. या नोंदीत तेवढाच भाग घेतला आहे.

बेळगाव शहराचा बराच भाग, तसेच खानापूरकडचा पट्टा जांभ्यावर आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यातले पाणी त्यातून सहज खाली उतरते. त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी मऊ, पांढुरकी चिकणमाती लागते. तिच्यातून पाणी पुढे जात नाही, म्हणून ते दोन्हींच्या सांध्यावरून उताराच्या दिशेने सरकत राहते. चर या सांध्यापर्यंत पोचला की तळ कोरडा दिसत असतानाच चढाकडच्या भिंतीतून पाणी पाझरू लागते. बळ्ळारी नाल्याच्या बाजूच्या किंवा निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत याच्या उलट घडते. तिथे पाणी हळू येते, पण तळ भिजून लोण्यासारखा होतो. त्यामुळे काळ्या मातीत शेवटचा वीतभर थर राखून ठेवतात आणि काँक्रीटच्या दिवशीच काढतात.

जांभ्यात पहिला प्रश्न पंपाचा नसून खोलीचा असतो. पाणी लागले की आणखी खाली जाऊन ‘घट्ट जमीन’ शोधायची, हा गवंड्यांचा सर्वसाधारण कल इथे उलटा पडू शकतो, कारण कठीण जांभा वर असतो आणि मऊ माती खाली. वरचा थर पुरेसा जाड आणि सलग असेल, तर पाया त्यावरच थांबवणे शहाणपणाचे असते. हा निर्णय नकाशा करणाऱ्या इंजिनिअरने घ्यायचा असतो. त्यासाठी पहारीने ठोकून आणि एका कोपऱ्यात लहान खड्डा घेऊन जांभा किती जाड आहे ते पाहतात. शेजारच्या विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी खोदाईआधीच मोजली, तर चर किती खोलीवर ओला होईल याचा अंदाजही येतो. दिवाळीनंतर लगेच काम काढले तर पातळी अजून वर असते. एप्रिल-मे महिन्यांत ती सर्वांत खाली जाते.

पाणी टाळता आले नाही, तर चराच्या उतरत्या टोकाला, पण पायाच्या रुंदीबाहेर, सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि तितकाच खोल खड्डा घेतात. साइटवर त्याला संप म्हणतात. त्यात भोके पाडलेला ड्रम उभा करून भोवती खडी भरतात. पाझरणाऱ्या भिंतीच्या पायथ्याशी बारीक पाट काढून पाणी ड्रमकडे नेतात आणि पंपाचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकाची झडप, ड्रममध्येच ठेवतात. खडीची ही चाळण नसेल तर पाण्याबरोबर माती ओढली जाते, आणि पंपही चिखलाने बसतो.

पंप किती मोठा हवा, हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. समजा, चर १० मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आहे आणि तळ जवळपास सपाट आहे. एकदा सर्व पाणी काढून पंप बंद केला, संप भरू दिला आणि तळावर पाणी पसरताच भिंतीवर खूण केली. २० मिनिटांत पाणी खुणेच्या वर ८ सेंटिमीटर चढले. १० × ०.९ × ०.०८ म्हणजे ०.७२ घनमीटर, अर्थात ७२० लिटर. म्हणजे दर मिनिटाला ३६ लिटर आवक. पातळी चढत जाते तशी आवक कमी होते, म्हणून मोजणी सुरुवातीलाच करायची. आवकेच्या साधारण दुप्पट, म्हणजे मिनिटाला ७५ लिटर देणारा पंप इथे घ्यावा. पाटीवरचा आकडा मानू नये, कारण लांब आणि बारीक नळीत पंपाचा जोर घटतो. नळीच्या टोकाला २० लिटरची बादली धरावी. ती १६ सेकंदांत भरली, तर पंप खरोखर मिनिटाला ७५ लिटर देतो.

खडीने व्यापलेली जागा धरली नाही, तर असा पंप आवक चालू असतानाच २१६ लिटरचा संप साडेपाच मिनिटांत रिकामा करतो आणि बंद केल्यावर सहा मिनिटांत तो पुन्हा भरतो. दिवसभर चालू-बंद करायला माणूस बसवण्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या नळीवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून पंप सलग चालवणे सोपे. हवा ओढली जात नाही तोवर हे बिनघोर चालते.

उपसलेले पाणी बघणे, हा पर्यवेक्षकाच्या कामाचा अर्धा भाग आहे. पहिला अर्धा-पाऊण तास ते गढूळ येणारच. त्यानंतरही काचेच्या ग्लासात भरून ठेवल्यावर तळाशी रेती किंवा गाळ बसत असेल, तर चराभोवतीची जमीन आतून पोकळ होते आहे. शेजारी मातीत बांधलेले जुने घर असेल, तर धोका त्यालाच आधी. अशा वेळी उपसा मंद करून ड्रमभोवतीची चाळण नीट करतात. तळातून पाणी रेतीसह उकळल्यासारखे वर येऊ लागले, तर आणखी जोरात उपसणे ही सर्वांत वाईट गोष्ट ठरते. पाणी थोडे चढू द्यावे, उकळीवर खडीचा थर टाकावा आणि इंजिनिअरला बोलवावे. पाण्याची नळी शेजाऱ्याच्या कुंपणाशी सोडू नये. तेच पाणी जांभ्यातून फिरून चरात परत येते.

काँक्रीटच्या दिवशी पाणी तळाच्या किमान वीतभर खाली असावे. पीसीसीखाली, म्हणजे तळाच्या साध्या काँक्रीटच्या थराखाली, दगड रचून सोलिंग घातले, तर त्यातून पाणी संपाकडे वाहत राहते. वर प्लॅस्टिकचा कागद अंथरला की सिमेंटचे पाणी सोलिंगमध्ये उतरत नाही. साचलेल्या पाण्यात कोरडा माल ओतून ‘तो पाणी पिऊन घेईल’ म्हणण्याची पद्धत अजून दिसते. प्रत्यक्षात सिमेंट धुऊन जाते आणि खाली खडी-वाळू उरते. पंपातून दुधाळ, राखाडी पाणी येऊ लागले की हेच चालले आहे असे समजावे. ओतकाम झाल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत पंप बंद करू नये. इथली वीज पाहता रात्रीसाठी डिझेल पंप हाताशी ठेवलेला बरा, पण तो चराबाहेरच, कारण त्याचा धूर खोलगट जागेत साचतो. विजेच्या पंपाला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावावा, आणि पाण्यातला पंप चालू असताना कोणीही चरात उतरू नये. दीड मीटरपेक्षा खोल चराला फळ्यांचा आधार लागतो. ओल्या भिंतीला तो त्याआधीही लागू शकतो.

पाया वर आला की ड्रम काढून संप खडीने आणि वर कमी सिमेंटच्या काँक्रीटने भरतात. मातीने भरलेला संप पुढे खचतो, आणि त्या कोपऱ्यातल्या भिंतीला तिरपी चीर जाते.