लिमरिकचा ताल आणि पाचवी ओळ

लिमरिक म्हणजे पाच ओळींची छोटी विनोदी कविता. मूळची इंग्रजीतली, नाव आयर्लंडमधल्या लिमरिक शहराचंच आहे. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ लांब आणि त्या तिघींचं यमक एक, तिसरी आणि चौथी आखूड आणि त्यांचं यमक वेगळं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण एवढं पाळूनही लिमरिक बरेचदा फुसकी निघते, कारण खरी गंमत यमकात नाहीच, ती ओळींमधल्या थांब्यांमध्ये आहे आणि त्याच थांब्यांमुळे पाचव्या ओळीत हशा येतो.

समजायला एक लिमरिक घेऊ, या नोंदीसाठीच रचलीये:

कवीकडे शिरे एक चोर
खिडकीला बांधुनिया दोर
कवी उठे, वही धरी,
वाचतसे तासभरी
पोलिसांस बोलवतो चोर!

आता ही मनात नाही, मोठ्याने म्हणा आणि टाळ्या देत म्हणा. "कवीकडे" च्या क वर एक टाळी, "शिरे" वर दुसरी, "चोर" वर तिसरी. आणि मग लगेच दुसरी ओळ सुरू करून बघा, घाई झाल्यासारखं वाटतं, कान म्हणतो थांब, अजून एक टाळी राहिलीये. ती चौथी टाळी रिकामी असते, तिच्यात शब्द नाही, फक्त श्वास. दुसऱ्या ओळीनंतरही तसंच, "खिडकीला", "बांधुनिया", "दोर" आणि मग एक रिकामी टाळी. म्हणजे लांब ओळीत ऐकू येतात तीन ठोके पण वेळ लागतो चार ठोक्यांचा.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत मात्र प्रत्येकी दोनच ठोके, "कवी उठे", "वही धरी", "वाचतसे", "तासभरी". दोन आणि दोन मिळून चार झाले की, मग रिकामी टाळी कुठे गेली? गेलीच. या दोन ओळी मिळून एका लांब ओळीची जागा पूर्ण भरून टाकतात, श्वास घ्यायला फटच ठेवत नाहीत. दोनदा थांबायची सवय लागलेला ऐकणारा इथे अचानक पळायला लागतो, यमकही दुप्पट वेगाने येतं (धरी, भरी), आणि विचार करायला वेळ मिळायच्या आत पाचवी ओळ अंगावर येते. पुढे काय होणार याचा अंदाज बांधायला त्याला जी सवड लागली असती ती नेमकी इथे काढून घेतलेली असते. पाचवी ओळ संपल्यावर पुन्हा ती रिकामी टाळी परत येते, आणि हसण्याची जागा तीच. सगळं मिळून सोळा टाळ्या, त्यातल्या तीन रिकाम्या.

इंग्रजीत हा ठोका शब्दातल्या आघातावर पडतो, दोन ठोक्यांच्या मधे बहुतेक दोन हलकी अक्षरं असतात, साधारण "द-दाम-द-द-दाम-द-द-दाम" अशी चाल. मराठीत तसा आघात ठळक नसतो म्हणून इथे मात्रा मोजणं सोपं पडतं. वरच्या लिमरिकमध्ये प्रत्येक ठोक्याला सहा मात्रा आहेत, दादऱ्यासारख्या: क-वी-क-डे म्हणजे एक, दोन, एक, दोन, झाल्या सहा. "खिडकीला" सहा, "बांधुनिया" सहा. लांब ओळीच्या शेवटचा शब्द तीनच मात्रांचा ठेवलाय (चोर, दोर), म्हणजे थांबा आणखी मोकळा होतो. प्रत्येक ठोका नव्या शब्दावर पडेल असं बघितलंय, शब्द मधेच तुटून ठोका त्याच्या पोटात पडला की नवशिक्या वाचकाची जीभ हमखास अडखळते.

आता पाचवी ओळ. लिमरिक लोकप्रिय केली ती एडवर्ड लिअर यांनी, त्यांचं पुस्तक 1846 मध्ये लंडनला निघालं. त्यांची पाचवी ओळ बऱ्याचदा पहिल्या ओळीचाच शेवटचा शब्द परत आणते. त्यांचा एक प्रसिद्ध म्हातारा आहे, त्याच्या दाढीत पक्ष्यांनी घरटी बांधलीयेत, आणि त्या कवितेची पहिली ओळही "दाढी" या शब्दावर संपते आणि शेवटचीही. लिअर यांची मजा त्या विचित्र चित्रात आहे, शेवटच्या धक्क्यात नाही. पुढच्या लोकांनी मात्र पाचव्या ओळीत नवा शब्द आणि नवी कलाटणी आणायला सुरुवात केली, आणि आज लिमरिक म्हटलं की लोक त्या कलाटणीचीच वाट बघतात.

मग वरच्या लिमरिकमध्ये "चोर" परत आलाय, ते चुकलं का? मला वाटतं नाही, कारण शब्द तोच असला तरी त्याचं काम बदललंय. तुलनेला अशी शेवटची ओळ लावून बघा: "असा फसे काल एक चोर". ताल अगदी बरोबर, यमक बरोबर, आणि तरी कविता तिथेच बसते, कारण या ओळीने नवीन काहीच सांगितलं नाही. "पोलिसांस बोलवतो चोर" मध्ये मात्र पोलिसांना कोण बोलावतंय हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. "पोलिसांस बोलवतो" इथपर्यंत आपण गृहीत धरतो की घराचा मालक बोलावत असणार, चोर आलाय ना घरात! आणि मग शेवटच्या तीन मात्रांमध्ये सगळं उलटतं.

इथे शब्दांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. बोलताना आपण म्हणू "चोरानेच पोलिसांना बोलावलं", म्हणजे कर्ता आधी आणि क्रियापद शेवटी. असं लिहिलं तर गंमत पहिल्याच शब्दात फुटते आणि उरलेले दोन शब्द नुसते ओढत न्यावे लागतात. मराठीत क्रियापद पुढे ओढून कर्ता शेवटी ठेवता येतो, कवितेत तर ते खपूनच जातं, त्याचा फायदा घ्यायचा.

यमकही इथे मदत करतं. "चोर" आणि "दोर" ऐकल्यामुळे शेवटी "ओर" येणार हे कानाला आधीच कळलेलं असतं, मनात मोर, पोर, घोर असं काहीबाही येत असतं. आवाज अपेक्षित आणि अर्थ अनपेक्षित, दोन्ही एकाच शब्दात. म्हणून पहिली ओळ लिहितानाच असा शब्द निवडा ज्याला भरपूर यमकं आहेत, नाहीतर पाचव्या ओळीत जे यमक सापडेल त्याच्यासाठी ओढूनताणून विनोद करावा लागतो. खरंतर आधी पाचवी ओळ लिहून मग वर चढत गेलं तर बरंच सोपं जातं, वरची लिमरिक तशीच "बोलवतो चोर" पासून सुरू झाली.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चौथ्या ओळीत गुपित फुटणं. समजा असं लिहिलं: "कवी उठे, वही धरी, चोर रडे परोपरी". ओळ तालात आहे, पण चोराची काय हालत झाली ते इथेच कळलं, मग त्याने पोलिसांना बोलावलं यात धक्का कसला, तो फक्त पुढचा टप्पा झाला. तिसऱ्या-चौथ्या ओळीने कारण सांगावं, परिणाम सांगू नये. "वाचतसे तासभरी" मध्ये चोराचं नावसुद्धा नाही, आपण त्याला क्षणभर विसरतो, आणि ते विसरणंच हवं असतं.

दुसरी चूक मात्रांची. तिसरी ओळ "कवी उठे आणि मग वही धरी" अशी केली की आखूड ओळ लांब होते, पळण्याचा वेग जातो. लिहिणाऱ्याला हे कळत नाही कारण तो स्वतः वाचताना शब्द दाबून तालात बसवतो. म्हणून कविता दुसऱ्या कुणाला तरी द्या, ज्याने ती आधी बघितली नाही, आणि मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे मागे जाऊन ओळ परत सुरू करेल तिथे मात्रा मोजायच्या.