बोअरचं जड पाणी आणि सात महिन्यांत संपलेलं मेंब्रेन

आमच्या इमारतीत एका घरातल्या आरओचं मेंब्रेन, म्हणजे पाण्यातला क्षार अडवणारा पडदा, सात महिन्यांत गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे तेच पाणी आणि त्याच किमतीच्या आसपासचं मशीन, तरी त्यांचं तिसरं वर्ष चालू होतं. टाकून द्यायला निघालेलं ते मेंब्रेन मी मागून घेतलं आणि कटरने उभं चिरलं. आत कागदाच्या सुरळीसारखे गुंडाळलेले थर असतात. पाणी जिथून आत शिरतं त्या टोकाला ते बऱ्यापैकी स्वच्छ होते. वेस्टचं, म्हणजे अडवलेला क्षार घेऊन टाकून दिलं जाणारं पाणी जिथून बाहेर पडतं त्या टोकाला मात्र बोटाला खरखरीत लागणारा पांढरा थर होता. त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले तर फसफसून बुडबुडे आले. हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे बादलीवर आणि गिझरच्या कॉइलवर जमतो तोच क्षार.

मशीन घेताना त्या घरी टीडीएस मीटरने पाणी तपासलं होतं. आकडा आला 900. हे मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. त्यातलं मीठ किती आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे त्याला कळत नाही. पाणी जड होतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. त्यामुळे दोन बोअरचा टीडीएस 900 असूनही एकाचा जडपणा 200 आणि दुसऱ्याचा 600 असू शकतो. पहिल्या पाण्यात मेंब्रेन टिकेल, दुसऱ्यात त्यावर थर चढेल.

जडपणा घरीच मोजता येतो. थेंबांचं टेस्ट किट मिळतं. पाण्याच्या नमुन्यात रंगद्रव्य घातलं की तो वाइनसारखा लालसर होतो, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. ज्या थेंबाला रंग स्वच्छ निळा होतो तिथे थांबायचं आणि किटवर लिहिल्याप्रमाणे थेंबांना गुणायचं. आमच्या बोअरचं उत्तर आलं 560 मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक IS 10500 यात 200 ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं पाणी काठावरचं.

अशा पाण्याला नुसतं यूव्ही किंवा यूएफ उपयोगाचं नाही. यूव्ही जंतू मारतं, यूएफ जंतू आणि गाळ अडवतं. विरघळलेला क्षार दोन्हींतून जसाच्या तसा पलीकडे जातो. उलट यूव्हीच्या दिव्याभोवतीच्या काचनळीवर पांढरी साय धरते आणि किरण पाण्यापर्यंत कमी पोचतात. तेव्हा 560 ला आरओच हवा. पण आरओ म्हटल्यावर एक प्रश्न विचारायचाच राहतो: मशीन शंभरातलं किती पाणी शुद्ध करून देतं?

साध्या घरगुती मशीनमध्ये हे प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपास असतं. मिनिटाला 150 मिली शुद्ध पाणी आणि 450 मिली वेस्ट. जवळजवळ सगळा क्षार वेस्टमध्येच जातो, म्हणून त्याचा जडपणा 560 भागिले 0.75, म्हणजे सुमारे 750 होतो. आता पाणी वाचवणारं, 60 टक्के शुद्ध पाणी देणारं मशीन घ्या. तोच क्षार उरलेल्या 40 टक्के पाण्यात कोंबला जातो आणि जडपणा 1400 वर पोचतो. पाण्यात इतका क्षार मावत नाही, तो मेंब्रेनवर बसतो. सात महिन्यांत गेलेलं मशीन याच प्रकारचं होतं. मशीन वाईट नव्हतं, पाण्याशी जुळणारं नव्हतं.

साधं मशीनही नकळत त्याच वाटेला लागतं. वेस्टच्या नळीत फ्लो रिस्ट्रिक्टर नावाचा बोटाएवढा तुकडा असतो. त्यावर FR 450 असं लिहिलेलं असेल तर वेस्ट मिनिटाला साधारण 450 मिली जायला हवं. त्याच्या बारीक छिद्रात क्षार अडकला की वेस्ट 225 वर येतं, शुद्ध पाण्याचं प्रमाण 25 वरून 40 टक्क्यांवर जातं आणि मेंब्रेनवरचा जडपणा 930 च्या घरात. नळाची धार तशीच दिसते म्हणून कुणाला संशय येत नाही. महिन्यातून एकदा दोन्ही नळ्यांखाली मापाचा जग मिनिटभर धरला की हे कळतं. शुद्ध पाण्याचा टीडीएसही लिहून ठेवावा. मिसळणीची सोय बंद असताना 900 चं पाणी नव्या मेंब्रेनमधून 50 ते 90 वर येतं. 180 दिसू लागलं की मेंब्रेन संपत आलंय.

ही मिसळणीची सोय म्हणजे टीडीएस कंट्रोलर. आरओचं पाणी फिकं लागतं म्हणून त्यात आरओमधून न गेलेलं थोडं पाणी मिसळतात. जडपणापुरतं ते ठीक आहे. पण बोअरमध्ये फ्लोराइड असेल, जसं यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत आहे, किंवा शेताजवळच्या बोअरमध्ये नायट्रेट असेल, तर तेच परत पेल्यात येतं. तेव्हा प्रयोगशाळेतून एकदा या दोन्हींची तपासणी झाल्याशिवाय कंट्रोलर उघडू नये.

ब्रँडची तुलना मी याच मुद्द्यांवर करतो. केंटच्या बऱ्याच मॉडेलमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, अ‍ॅक्वागार्डच्या काहींमध्ये त्यालाच टेस्ट अ‍ॅडजस्टर म्हणतात. दोन्हींत मिसळणीचा स्क्रू बंद करता येतो का ते विचारा. ए. ओ. स्मिथचा भर आरओनंतरच्या खनिजांच्या कार्ट्रिजवर असतो, म्हणून फ्लोराइड-नायट्रेटच्या भागात मला ती रचना जास्त पटते. मात्र ते पाणी वाचवण्याचाही दावा करतात, तेव्हा जडपणाची मर्यादा पुस्तिकेत नीट वाचावी. प्युअरइटचं इको वॉटर सेव्हर 60 टक्क्यांपर्यंत शुद्ध पाण्याचा दावा करतं, ते नगरपालिकेच्या मऊ पाण्याला शोभतं. हा ब्रँड हिंदुस्तान युनिलिव्हरने 2024 मध्ये ए. ओ. स्मिथला विकला, म्हणून आपल्या गावात सर्व्हिस कोण देतं ते आधी विचारून घ्या. केंटच्या काही मॉडेलमध्ये वेस्टचं पाणी पंपाने परत वरच्या टाकीत जातं. रोज 500 लिटर वापरणाऱ्या घरात 20 लिटर शुद्ध पाणी काढलं तर टाकीचा जडपणा 560 वरून 583 च्या आसपास जातो, ते चालेल. टाकी फक्त स्वयंपाकघराची असेल तर आकडा फार वर जाईल.

कुठल्याही ब्रँडच्या पुस्तिकेत पाण्याच्या मर्यादांचा तक्ता असतो. विक्रेता टीडीएस 2000 पर्यंत चालतं हे ठासून सांगतो; त्याच तक्त्यातली जडपणाची ओळ त्याला वाचून दाखवायला सांगा.

जडपणा त्या मर्यादेच्या वर असेल, किंवा पाणी वाचवणारंच मशीन हवं असेल, तर आधी सॉफ्टनर लावावा. त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. 560 चं 60 करताना लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढतं, म्हणून टीडीएस कमी होत नाही आणि सॉफ्टनरचं पाणी थेट पिऊ नये. पुढचा आरओ ते सोडियम काढतो आणि त्याचं मेंब्रेन टिकतं. सात महिन्यांत मेंब्रेन गेलेल्या त्या घरातल्यांनी नवं मशीन न घेता हेच केलं: सॉफ्टनर बसवला, मेंब्रेन आणि FR बदलला. परवा जग धरून मोजलं तेव्हा शुद्ध पाण्याचं प्रमाण मशीनवर लिहिल्याप्रमाणेच होतं आणि टीडीएस 70.