हप्त्यात दडलेला व्याजदर

कर्जाची रक्कम, हप्ता आणि मुदत एवढ्या तीनच गोष्टी माहीत असताना प्रत्यक्षात पडणारा व्याजदर शोधून काढणे. सांगलीत दुचाकीच्या दुकानात ‘लाखाला 5,167, चोवीस हप्ते’ असा भाव सांगितला जातो, तेव्हा हा प्रश्न उभा राहतो. दर विचारला तर ‘एक टक्का महिना’ असे उत्तर मिळते. चोवीस हप्त्यांचे 1,24,008 रुपये होतात, म्हणजे दोन वर्षांचे व्याज सुमारे 24,000. हिशेब वरवर बरोबर दिसतो.

पण हे व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलेले असते. मुद्दल मात्र दर महिन्याला फिटत असते. सरासरीने निम्म्याहून थोडीच जास्त रक्कम कर्जदाराकडे राहते, म्हणून खरा दर जवळपास दुप्पट निघतो.

तो काढण्याचे थेट सूत्र नाही, दर अंदाजाने धरून तपासावा लागतो. धरलेल्या मासिक दराने सगळ्या हप्त्यांची आजची किंमत काढायची, म्हणजे प्रत्येक हप्त्याला तो जितके महिने पुढे आहे तितक्या वेळा ‘1 + दर’ने भागून बेरीज करायची. ती कर्जापेक्षा जास्त आली तर दर कमी धरला गेला, कमी आली तर जास्त. वरच्या उदाहरणात दीड टक्क्याने किंमत सुमारे 1,03,497 येते आणि दोन टक्क्यांनी 97,728. लाख या दोहोंच्या मध्ये, दोन टक्क्यांकडे थोडा झुकलेला. त्या प्रमाणात दर 1.8 टक्के महिना, म्हणजे वर्षाला सुमारे 21.6 टक्के. स्प्रेडशीटमध्ये हेच एका ओळीत होते:

```
=RATE(24,-5167,100000)*12
```

हप्त्याआधीचे उणे चिन्ह विसरले की उत्तराऐवजी `#NUM!` दिसते.

रक्कम म्हणून कागदावरचा आकडा न घेता हातात पडलेले पैसे घ्यावेत. प्रोसेसिंग फी म्हणून 3,000 आधीच कापले तर लाखाऐवजी 97,000 लिहायचे. दर एकदम 24.8 टक्क्यांवर जातो. बहुतेकांची फसगत इथेच होते, कारण हप्ता तोच राहतो.

उसाच्या बिलावर सहामाही हप्ते बांधले असतील तर निघणारा दर सहा महिन्यांचा असतो, त्याला बाराने नव्हे, दोनाने गुणावे. कारखान्याकडून बिल पुढेमागे आल्याने हप्त्यांच्या तारखा विस्कटल्या, तर `RATE` निरुपयोगी. तिथे तारखांसह `XIRR` वापरतात. त्याचे उत्तर चक्रवाढीचे असल्याने थोडे जास्त दिसते. आपल्या 1.8 टक्के मासिक दराचेही चक्रवाढीने वर्षाला 23.9 टक्के होतात, म्हणून दोन ऑफर ताडून पाहताना दोन्हींना एकच पद्धत लावावी.

1 ऑक्टोबर 2024 पासून बँका व वित्त कंपन्यांनी नव्या किरकोळ कर्जदाराला फी धरून काढलेला वार्षिक दर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खासगी सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या स्वतःच्या उधारीला तो लागू नाही. तिथे दर स्वतःच काढावा लागतो.