देव गळाला, 'बाय' उरलं

'गुडबाय'मध्ये देव आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मूळ वाक्य होतं 'गॉड बी विथ यी', म्हणजे देव तुमची पाठराखण करो. घाईघाईत बोलता बोलता त्यातले मधले ध्वनी गळाले. 1573 च्या एका इंग्रजी पत्रात या शब्दाचं एक अर्धवट झिजलेलं, एकजीव रूप सापडतं. त्याचा उच्चार साधारण 'गॉडबवाय' असा होत असावा. पुढे 'गुड डे', 'गुड नाइट' यांच्या सहवासात 'गॉड'चाही 'गुड' झाला आणि आशीर्वाद देणाराच नाहीसा झाला. आता तर नुसतं 'बाय' उरलं आहे.

रोज हजारदा तोंडी येणारा शब्द असा झिजतोच. समोरचा काय म्हणणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे अर्धा उच्चारही पुरतो. अर्थ मागे पडतो आणि 'मी तुला पाहिलं' एवढंच सांगायचं काम उरतं.

इटालियन 'चाओ' तर मला याहून गमतीचा वाटतो. व्हेनिसच्या बोलीत नम्रपणे 'मी आपला दास' म्हणत. त्यातला दासवाचक शब्द 'स्च्याओ', आणि त्याचं मूळ मध्ययुगीन लॅटिनमधला 'स्क्लावुस', म्हणजे पूर्व युरोपातला स्लाव्ह माणूस. स्लाव्ह लोकांना इतक्या मोठ्या प्रमाणात गुलाम केलं जाई, की त्यांचं नावच गुलामाला चिकटलं. आज तोच शब्द बरोबरीचे मित्र एकमेकांना सहज म्हणतात. ऑस्ट्रियातला 'सर्वुस' हाही लॅटिनमधला 'दास'च.

मग 'हाय' कोणत्या आशीर्वादाचा अवशेष? कोणत्याच नाही. छोटा शब्द दिसला की तो झिजलेलाच असणार, असं गृहीत धरलं तर इथे फसगत होते. झीज सिद्ध करायची तर मधली रूपं जुन्या लेखनात सापडावी लागतात, आणि 'हाय'ची तशी लांबलचक पूर्वरूपं नाहीत. मध्ययुगीन इंग्रजीत ती नुसती लक्ष वेधणारी हाक होती, आपल्या 'अहो', 'अरे'सारखी. अभिवादन म्हणून ती रुळली 19 व्या शतकात, अमेरिकेत.

'हॅलो'ही मुळात हाकच. सुरुवातीला टेलिफोनची तार सतत चालू ठेवायची आणि पलीकडच्याला घंटेने बोलवायचं, असा एक विचार होता. 1877 मध्ये एडिसनने पिट्सबर्गला लिहिलेल्या पत्रात सुचवलं, की घंटा नकोच, 'हॅलो' दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतं. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या बेलला मात्र खलाशांची 'अहॉय' पसंत होती. माझ्या मते हाकेची बाजू वरचढ ठरली यामागे एक साधी अडचणही असावी: पलीकडे मोठा माणूस आहे की लहान, हे तारेवरून दिसत नव्हतं. आशीर्वाद द्यावा की दास म्हणवून घ्यावं, हे ठरवायचं तरी कसं?